फोनवर सरळ दिसणारा फोटो वाचताना आडवा-उलटा का होतो

प्रश्न: आमच्याकडे लोक हाताने भरलेल्या तक्त्यांचे फोटो फोनवरून अपलोड करतात आणि ते आपोआप वाचले जातात. फोनवर फोटो सरळ दिसतो, अपलोडच्या पानावरही सरळ दिसतो. तरी पहिल्या वाचनात कधी काहीच हाती लागत नाही, तर कधी आकडे भलतेच येतात. लोकांना ऑटो-रोटेट बंद करायला सांगावं का?

ऑटो-रोटेट बंद करायला सांगू नका. ती सेटिंग पडदा फिरावा की नाही एवढंच ठरवते. फोटोची दिशा मात्र बहुतेक फोनमधला कॅमेरा थेट हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरकडून घेतो, पडदा लॉक असला तरी. उलट काही फोनवर पडदा लॉक केला की कॅमेऱ्याला कोणती दिशा वाटते आहे ते माणसाला दिसेनासं होतं आणि चूक लक्षात येण्याची एक संधी जाते.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळी दुखणी दिसतात. काहीच हाती न लागणं हे बहुधा आडव्या फोटोचं लक्षण आहे आणि भलते आकडे हे उलट्या फोटोचं. पहिलं त्रासदायक आहे, पण ते स्वतःहून ओरडतं. दुसरं गुपचूप आत शिरतं. म्हणून माझा जास्त भर दुसऱ्यावर आहे. त्याआधी फोटोत दिशा कशी साठवली जाते ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फोनचा कॅमेरा-सेन्सर आत आडवा बसवलेला असतो. फोन उभा धरला म्हणून तो वळत नाही. त्यामुळे 12 मेगापिक्सेलचा फोटो उभा काढला तरी पिक्सेल बऱ्याचदा 4032 रुंद आणि 3024 उंच अशा आडव्या मांडणीतच फाइलमध्ये उतरतात. ते वळवून लिहिण्याऐवजी फोन फाइलच्या एक्झिफ माहितीत एक छोटा आकडा ठेवतो: ‘दाखवताना असं वळवा’. हा ओरिएंटेशन टॅग. त्याचा क्रमांक 274 आणि किंमत 1 ते 8. त्यातल्या चार किमती आरशासारख्या उलटापालटीसाठी आहेत आणि क्वचितच दिसतात. रोजच्या कामात 1, 3, 6 आणि 8 एवढेच भेटतात. 1 म्हणजे आहे तसं दाखवा, 3 म्हणजे 180 अंश वळवा, 6 म्हणजे घड्याळाच्या दिशेने 90 अंश आणि 8 म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने 90 अंश. फोन नेहमीसारखा उभा धरून काढलेल्या फोटोत साधारणपणे 6 सापडतो. काही फोन मात्र पिक्सेलच वळवून लिहितात आणि टॅग 1 ठेवतात, म्हणून टॅग 1 दिसला की फोटो आडवाच धरून काढला असेल असं गृहीत धरू नका.

म्हणजे फाइल हे दोन तुकड्यांचं पत्र आहे: पिक्सेल आणि ते कसे धरायचे याची चिठ्ठी. फोनची गॅलरी चिठ्ठी वाचते. ब्राउझरही वाचतात, 2020 पासून प्रमुख ब्राउझर हे न सांगता करतात. म्हणून अपलोडच्या पानावर फोटो सरळ दिसतो आणि माणूस शपथेवर सांगतो की मी सरळच पाठवला. तो खरंच बोलत असतो. पण सर्व्हरवर फाइल उघडणारा प्रोग्राम चिठ्ठी वाचेलच असं नाही. पायथनमध्ये पिलोचं `Image.open` ती स्वतःहून लागू करत नाही. ओपनसीव्हीचं `imread` एरवी लागू करतं, पण कुणी त्याला `IMREAD_UNCHANGED` दिलं असेल तर करत नाही. एकाच कामात लघुचित्र एका लायब्ररीने आणि वाचन दुसरीने होत असेल, तर तपासनीसाला सरळ चित्र दिसतं आणि त्याच वेळी वाचणाऱ्याच्या हाती आडवं चित्र असतं. मग दोघं एकमेकांवर अविश्वास दाखवत बसतात.

तुमच्याकडे काय होतंय हे एका फाइलवर पाच मिनिटांत कळेल. जी फाइल चुकीची वाचली गेली ती, अपलोड झाल्यावर जशी साठवली तशीच, घ्या:

```python
from PIL import Image, ImageOps

im = Image.open("page.jpg")
print(im.size, im.getexif().get(274))
im = ImageOps.exif_transpose(im)
print(im.size, im.getexif().get(274))
```

उभ्या फोटोसाठी पहिली ओळ `(4032, 3024) 6` आणि दुसरी `(3024, 4032) None` अशी आली, तर चिठ्ठी फाइलमध्ये शाबूत आहे आणि तुमचा प्रोग्राम तिच्याकडे बघत नाही. उपाय म्हणजे तीच `exif_transpose` ची ओळ, फाइल उघडल्यावर लगेच, बाकी कशाच्याही आधी. ती पिक्सेल वळवते आणि टॅग काढून टाकते, त्यामुळे पुढे कुणी पुन्हा वळवण्याचा धोका राहत नाही.

पहिल्याच ओळीत `None` आलं, तर चिठ्ठी वाटेतच गळाली आहे. याचं नेहमीचं कारण चांगल्या हेतूचं असतं. फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतात, ते लोकांच्या खासगीपणासाठी पुसायला हवेत, म्हणून कुणीतरी अपलोड होताच सगळी एक्झिफ माहिती पुसण्याची पायरी टाकलेली असते. त्या पुसण्यात ओरिएंटेशन टॅगही जातो आणि पिक्सेल आडवेच राहतात. मग तो फोटो कसा धरायचा हे फाइल पुन्हा कधीच सांगू शकत नाही. पुसायला हरकत नाही, पण आधी वळवा, मग पुसा. या दोन ओळींचा क्रम चुकल्याने महिनाभराचे फोटो आडवे साठलेले मी पाहिले आहेत.

याच्या उलट दुखणं म्हणजे दोनदा वळणं. 2020 च्या आधी बरेच ब्राउझर टॅग पाळत नसत, तेव्हा अपलोडआधी फोटो लहान करणाऱ्या कोडमध्ये टॅग वाचून हाताने वळवण्याची सोय लिहिलेली असे. नंतर ब्राउझर स्वतः वळवू लागले आणि जुनं कोड तसंच राहिलं. त्यात ब्राउझरच्या कॅनव्हासमधून बाहेर पडलेल्या चित्राला एक्झिफ उरतच नाही, म्हणजे मागाहून तपासायला टॅगही हाताशी नाही. अशा वेळी चित्राचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघा. मूळ टॅग 6 असेल आणि तो लागूच झाला नसेल तर पानाचा माथा डावीकडे असतो. दोनदा लागू झाला तर माथा उजवीकडे जातो. उभ्या धरलेल्या फोनचे दहा-बारा बिघडलेले फोटो समोर पसरले आणि सगळ्यांचा माथा एकाच बाजूला निघाला, तर आपलाच कोणता टप्पा चुकतोय ते न विचारता समजतं. माथे दोन-तीन दिशांना विखुरलेले असतील तर कारण बहुधा टेबलावरचा सपाट कागद आहे, ते पुढे सांगतो.

एचइआयसी फाइल्स घेत असाल तर तिथेही दोनदा वळण्याची जागा आहे. त्या प्रकारात वळण फाइलच्या स्वतःच्या रचनेत लिहिलेलं असतं आणि शिवाय एक्झिफ टॅगही असू शकतो. जेपेग बनवणाऱ्या प्रोग्रामने रचनेप्रमाणे पिक्सेल वळवले आणि एक्झिफ जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये उतरवला, तर पुढचा प्रोग्राम प्रामाणिकपणे तो पुन्हा पाळतो. रूपांतर झाल्यावर टॅग 1 आहे की नाही ते एका फाइलवर बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. वरचं सगळं नीट केलंत तरी तक्त्यांच्या फोटोंमध्ये उलटे फोटो येतच राहतील, कारण त्यात चिठ्ठीच खोटी असते. तीही फोनच्या खराबीमुळे नाही, कागद टेबलावर सपाट ठेवलेला असतो म्हणून.

फोनला वर कुठे आणि खाली कुठे हे गुरुत्वाकर्षणावरून कळतं. फोन समोर उभा धरला तर 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग हा सगळा ओढा फोनच्या लांब बाजूने लागतो आणि उत्तर स्वच्छ मिळतं. पण टेबलावरच्या कागदाचा फोटो काढताना फोन कागदाला समांतर, म्हणजे आडवा-सपाट असतो. ओढा पडद्यातून आरपार जातो आणि लांबी-रुंदीच्या दिशेने जवळपास काहीच उरत नाही. दोन अंश कल असेल तर लांब बाजूने येतो तो ओढा फक्त 0.34, एवढाच. हात किंचित हलला तरी तो शून्य ओलांडून पलीकडे जातो. म्हणून फोन सहसा शेवटची स्पष्ट कळलेली दिशा धरून ठेवतो. आधी फोन आडवा धरून काही बघत होतात, मग तसाच कागदावर नेऊन हातात उभा वळवलात, तर फोनला ते वळणं कळतच नाही, आणि नोंद आडव्याचीच होते.

त्याहून वाईट पुढचं. कागदावर स्वतःची सावली पडू नये म्हणून माणूस हात लांब करतो आणि फोन पुढे नेतो. तसं करताना फोनची वरची कड खालच्या कडेपेक्षा थोडी खाली झुकते. सेन्सरच्या दृष्टीने आता फोन डोक्यावर उभा आहे. टॅग 6 ऐवजी 8 लिहिला जातो. 6 आणि 8 मध्ये फरक बरोबर 180 अंशांचा, म्हणजे टॅग अगदी काटेकोर पाळणाऱ्या प्रोग्रामच्या हाती नेमका उलटा कागद येतो. आणि काढणाऱ्याला पत्ताच लागत नाही, कारण फोटो काढताना पडद्यावर थेट चित्र सरळच दिसत असतं. पुढे गॅलरीत उलटा दिसला तर हातातला फोन फिरवून तो बघतो आणि विसरून जातो.

माझ्या हाताखालून गेलेला असा एक तक्ता सांगतो. मालाच्या मोजणीचं पान, 30 ओळी, तीन रकाने: डावीकडे वस्तूचा क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे नग. आकडे इंग्रजी लिपीत, हाताने, 1 म्हणजे साधी उभी रेघ. प्रोग्राम डाव्या रकान्यातला क्रमांक 1 ते 30 मध्ये असेल आणि उजव्या रकान्यात आकडा सापडला तर ओळ स्वीकारायचा, नाहीतर माणसाकडे पाठवायचा. ऐकायला नियम शहाणा वाटतो.

फोटो टॅग 8 घेऊन उलटा आला. 30 पैकी 26 ओळी नाकारल्या गेल्या. 3, 4, 7 असे आकडे उलटे झाले की वाचताच येत नाहीत, आणि जे वाचता आले ते 1 ते 30 च्या बाहेर पडले. तपासणाऱ्या माणसाने अक्षर खराब आहे म्हणून त्या 26 ओळी कागद हातात घेऊन भरल्या. उरलेल्या चार ओळी प्रोग्रामने पूर्ण खात्रीने स्वीकारल्या होत्या, त्यामुळे त्या कुणी बघितल्याच नाहीत. त्या अशा होत्या.

कागदावर क्रमांक 9 समोर 11 नग होते. पान उलटं झालं की डावा रकाना उजवीकडे जातो आणि उजवा डावीकडे येतो. 11 उलटा केला तरी 11 राहतो, 9 चा 6 होतो. नोंद झाली: वस्तू 11, नग 6. क्रमांक 18 समोर 10 होते. 10 उलटा केला की 01, आणि 18 चा 81. नोंद झाली: वस्तू 1, नग 81. क्रमांक 16 समोर 8 होते, ते बनलं वस्तू 8, नग 91. क्रमांक 19 समोर 6 होते, ते बनलं वस्तू 9, नग 61.

चारही नोंदी आपापल्या जागी शोभून दिसणाऱ्या. 0, 1 आणि 8 उलटे केले तरी तेच राहतात आणि 6 व 9 एकमेकांत बदलतात, म्हणून या पाच आकड्यांनी बनलेल्या संख्या उलट्या पानातूनही स्वच्छ वाचल्या जातात. वाचणाऱ्या प्रोग्रामची खात्री तिथे कमी नसते. त्याला खरोखरच एक सुबक 6 दिसत असतो. म्हणून ‘खात्री कमी असेल ते माणसाकडे पाठवा’ हा नियम इथे नेमका फसतो: वाचता न येणारे आकडे तो माणसाकडे धाडतो आणि खोटे आकडे तेवढे स्वतःजवळ ठेवतो. सात दांड्यांच्या डिजिटल आकड्यांच्या फोटोंमध्ये हे आणखी वाढतं, कारण तिथे 2 आणि 5 सुद्धा उलटे केल्यावर तसेच राहतात.

हा प्रकार उघडकीला आला तो बेरजेवरून. पानाखाली हाताने लिहिलेली एकूण बेरीज जुळेना. बेरीज लिहिलेलीच नसती तर ते चार आकडे आजही तसेच असते असं मला वाटतं.

यातून मी एक गोष्ट पक्की केली. पानाची दिशा ही पूर्ण पानासाठी एकदाच, वाचन सुरू होण्याआधी ठरली पाहिजे, आणि ती ठरत नसेल तर पानातली एकही ओळ स्वीकारायची नाही. ओळ-ओळ तपासून काही घ्यायच्या, काही टाकायच्या, ही सवय उलट्या पानाच्या बाबतीत घातक आहे. दिशा ही सगळ्या पानाला एकदम लागू होणारी गोष्ट आहे. 30 पैकी 26 ओळी नाकारल्या जाणं हीच खूण होती की उरलेल्या चारवरही विश्वास ठेवू नये.

दिशा ठरवायची कशी? टॅग लागू करा, पण त्याला शेवटचा शब्द मानू नका. मग पानाच्या मजकुरालाच विचारा. तुम्ही वाचनासाठी टेसरॅक्ट वापरत असाल तर त्यात दिशा ओळखण्याची वेगळी सोय आहे. फक्त लक्षात ठेवा, ती नेहमीच्या वाचनात चालू नसते, मागावी लागते:

```
tesseract page.png - --psm 0
```

उत्तरात `Rotate: 180` अशी ओळ येते आणि सोबत `Orientation confidence` चा आकडा. दोन अडचणी इथे माहीत हव्यात. एक, या सोयीला पानावर पुरेशी अक्षरं लागतात. एरवीच्या मांडणीत 50 च्या खाली गेलं तर ती प्रयत्नच सोडते. आकड्यांनीच भरलेल्या तक्त्यावर किंवा चार ओळींच्या पावतीवर म्हणून ती गप्प बसते. दोन, `Rotate` चा आकडा घड्याळाच्या दिशेने किती वळवायचं ते सांगतो, आणि पिलोचं `rotate` घड्याळाच्या उलट वळवतं. `Rotate: 90` बघून `im.rotate(90)` लिहिलंत तर आडवं पान सरळ होण्याऐवजी उलटं होतं. म्हणजे ओरडणाऱ्या चुकीची तुम्ही गुपचूप चूक बनवता. लिहायचं ते `im.rotate(-90, expand=True)`. 180 च्या फोटोंवर चाचणी घेतली तर ही चूक दिसतही नाही, कारण तिथे दोन्ही दिशा एकाच जागी पोचतात. चाचणीसाठी 90 आणि 270 चे फोटो घ्याच.

तुमच्या तक्त्यांसाठी मी वेगळा मार्ग सुचवेन, कारण तुमच्याकडे एक मोठी सोय आहे: कोरा छापील नमुना तुमचाच आहे, त्यावर कुठे काय छापलंय हे तुम्हाला आधीच माहीत आहे. पानाची एक लहान प्रत करा, लांब बाजू साधारण 1500 पिक्सेल. ती चारही दिशांना वळवून चारदा वाचा आणि प्रत्येक वाचनात छापील मथळ्याचे किती शब्द सापडतात ते मोजा. हाताने लिहिलेला भाग या मोजणीत घेऊ नका आणि आकडे तर मुळीच घेऊ नका. मथळ्यात समजा आठ शब्द छापलेले आहेत. योग्य दिशेत त्यातले सहा-सात मिळतात आणि बाकी तिन्ही दिशांत शून्य किंवा एक. हा फरक इतका ठळक असतो की उंबरठा कुठे ठेवायचा याचा फार विचार करावा लागत नाही. मथळा देवनागरीत असेल तर आणखी बरं. शिरोरेषेमुळे शब्द एका बाजूने बांधलेला असतो, आणि पान उलटं झालं की ती रेघ अक्षरांच्या पायाशी जाते. उलट्या देवनागरी शब्दातून दुसरा खरा शब्द निघणं जवळजवळ अशक्य आहे. आकड्यांत हेच इतक्या सहज घडतं.

चारही दिशांत मथळा सापडला नाही तर बहुधा फोटोत वरचा भाग कापला गेलाय किंवा फोटो हललाय. ते पान पूर्णच माणसाकडे पाठवा, आणि पाठवताना प्रोग्रामने अर्धवट वाचलेले आकडे आधीच भरून दाखवू नका. भरलेला आकडा दिसला की माणूस तो मान्य करत जातो, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिलं आहे.

मथळा सापडला तरी एक शेवटची चाचणी मी ठेवतो: डाव्या रकान्यातले क्रमांक वरून खाली वाढतात का? वर सांगितलेल्या पानात रकान्यांची जागा बदललेली होती, त्यामुळे स्वीकारलेले क्रमांक वरून खाली 9, 1, 8, 11 असे आले होते. एवढी एक अट असती तरी ते पान तिथेच अडलं असतं. तुमच्या तक्त्यात छापील क्रमांक असतील तर ही अट फुकटात मिळते.

आडव्या फोटोंचं थोडक्यात. अक्षर-अक्षर वाचणारे जुने प्रोग्राम आडव्या पानावर अक्षरांचा कचरा देतात, तो लगेच ओळखू येतो. पण संपूर्ण चित्र एकदम समजून घेणारे नवे प्रोग्राम आडवी अक्षरंही बऱ्यापैकी वाचतात, आणि तिथे चूक अक्षरात न होता मांडणीत होऊ शकते: रकाना ओळ म्हणून वाचला जातो, शेजारच्या वस्तूचे नग या वस्तूला चिकटतात. शब्द सगळे बरोबर, जोड्या चुकीच्या. तसा वाचक वापरत असाल तर त्याला पान देण्याआधीच सरळ करा, तो सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका.

साठवणुकीबद्दल माझा आग्रह आहे: अपलोड झालेली मूळ फाइल एक बाइटही न बदलता, मर्यादित लोकांनाच दिसेल अशा जागी ठेवा. तिच्यापासून एक सरळ केलेली, टॅग नसलेली, जागेची माहिती पुसलेली प्रत बनवा. वाचन, लघुचित्र आणि तपासनीसाच्या पडद्यावरचं चित्र, सगळं या एकाच प्रतीवरून होऊ द्या. वाचलेल्या आकड्याभोवती चौकट काढून दाखवत असाल तर हे फारच महत्त्वाचं आहे. चौकटीचे मोजमाप एका प्रतीवर घेतलं आणि दाखवलं दुसरीवर, तर चौकट भलत्याच जागी बसते आणि लोक वाचनाला दोष देतात. प्रत किती अंश वळवली आणि ते टॅगवरून की मजकुरावरून, हेही नोंदीत लिहा. दोन्ही उत्तरं वेगळी आली अशी पानं महिनाभराने चाळली की तुमच्याकडे लोक फोटो नेमका कसा काढतात ते कळतं.

लोकांना सांगण्यासारखं मात्र आहे. कागद टेबलावर ठेवलात तर फोन आधी क्षणभर समोर उभा धरा, मग कागदावर आणा, म्हणजे शेवटची स्पष्ट दिशा योग्य नोंदली जाते. किंवा कागद भिंतीला टेकवून उभा करा, मग प्रश्नच उरत नाही. समोरचा कॅमेरा वापरू नका, काही फोन त्याचं चित्र आरशासारखं उलटं साठवतात आणि ते कितीही वळवलं तरी सरळ होत नाही. अपलोडच्या पानावर, सर्व्हरने सरळ केलेली प्रत परत आणून दाखवा आणि शेजारी ‘वळवा’ असं बटण द्या. आत्ता तुम्ही जे दाखवता ते ब्राउझरने स्वतः सरळ केलेलं चित्र आहे, वाचणाऱ्याच्या हाती जाणारं नाही.

आणि जुन्या नोंदी. त्यात चुकीचे आकडे आधीच शिरलेले असतील तर सगळी पानं पुन्हा वाचायची गरज नाही. मूळ फाइल्स शिल्लक असतील तर आधी टॅग 8 असलेल्या वेगळ्या काढा:

```
exiftool -if '$Orientation# == 8' -p '$FileName' uploads/
```

फोन उलटा धरून मुद्दाम कुणी फोटो काढत नाही, त्यामुळे या यादीत संशयित पानं दाटीने सापडतात. मूळ फाइल्सचा टॅग पुसला गेला असेल तर दुसरी वाट अशी: ज्या पानांतल्या बहुतेक ओळी नाकारल्या गेल्या आणि तीन-चारच स्वीकारल्या गेल्या, ती पानं काढा, आणि त्यातही स्वीकारलेल्या ओळींचे आकडे फक्त 0, 1, 6, 8, 9 यांचेच बनलेले आहेत ती आधी घ्या. मी ती यादी हाताने, कागद शेजारी ठेवून तपासली होती. एका बैठकीत झाली.